दम घुमवणे आणि दम खाणे

सरावाआधी पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेल्या मातीवर पावलांच्या खुणा स्पष्ट उमटतात. चढाईपटू निदानरेषेपाशी बचावातल्या गड्याला टिपतो आणि जिथून मागे वळतो, त्या जागेवर जाऊन खाली वाकून बघावे. पाय ताजे असतील तर तिथे एकच खूण दिसते. आडवा टेकलेला चवडा, खोल रुतलेला, आणि पलीकडे, अंतिम रेषेच्या बाजूला, सरकलेल्या मातीची बारीक कड. गड्याने एका पायावर सगळा भार घेतला आणि मध्यरेषेकडे झेप घेतली, एवढे त्या खुणेतून कळते. सहाव्या-सातव्या चढाईनंतर त्याच जागी तीन-चार उथळ खुणा सापडतात, टाचेकडून घासलेल्या. गडी आधी थांबला, मग वळला. त्या दोन जादा पावलांत कोपरारक्षकाचा हात घोट्यापर्यंत पोहोचतो.

माझ्याकडे सरावाला येणारा एकवीस वर्षांचा एक चढाईपटू असाच सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत लागोपाठ दोनदा पकडला गेला. बाहेर येऊन बसला आणि म्हणाला, “सर, दम होता. पायच आले नाहीत.” तो खरे बोलत होता. त्याचा कबड्डी-कबड्डीचा उच्चार शेवटपर्यंत तुटला नव्हता. दम घुमवणे त्याला येत होते. दोन चढायांच्या मधे दम खाऊन पाय परत ताजे करणे मात्र जमत नव्हते. मराठीत दोन्हींना दमच म्हणतात, पण शरीरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा सरावही वेगळा करावा लागतो.

चढाईचा वेळ आणि मधला वेळ

चढाईला नियमाने 30 सेकंद मिळतात. त्यातला बराचसा काळ गडी चवड्यांवर डावी-उजवीकडे सरकत असतो, साखळी कुठे सैल आहे ते बघत असतो, हुलकावणी देत असतो. खरा स्फोट दोन ते चार सेकंदांचा असतो : आत मुसंडी, हात किंवा पाय लावणे, वळणे आणि मध्यरेषा गाठणे. पुरुषांच्या मैदानात निदानरेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे आणखी एक मीटरवर असते. म्हणजे परतीची धाव पाच मीटरचीसुद्धा नसते. एवढ्या अंतरात पूर्ण वेग कधीच येत नाही. पहिल्या तीन पावलांत काय होते यावरच सगळे ठरते. पकडीत सापडल्यावर अंगावर दोन-तीन गडी घेऊन मध्यरेषेकडे रेटायचे असेल, तर आणखी तीन-चार सेकंद पूर्ण ताकद लागते.

आता मधला वेळ मोजू. चढाया आळीपाळीने होतात. आपल्या संघात चढाईचा भार दोघांवर असेल, तर एका चढाईपटूच्या दोन चढायांमधे प्रतिस्पर्ध्याची, जोडीदाराची आणि पुन्हा प्रतिस्पर्ध्याची अशा तीन चढाया येतात. सगळ्यांनी पूर्ण वेळ घेतला तर 90 सेकंद मिळतात. जोडीदार बाद असेल तर फक्त प्रतिस्पर्ध्याची एक चढाई, म्हणजे फार तर 30 सेकंद. तेही बसून नव्हे, बचावात उभे राहून. गड्याची तयारी नेमक्या याच 30 ते 90 सेकंदांसाठी करायची असते.

स्नायूंची शिदोरी

पहिल्या काही सेकंदांच्या जोरासाठी स्नायू श्वासाची वाट बघत नाहीत. त्यांच्यात क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या पदार्थाचा छोटासा तयार साठा असतो. त्यातून शक्ती फार झपाट्याने मिळते, पण पूर्ण जोर लावला तर सात-आठ सेकंदांत हा साठा बराच खाली येतो. पुढचा भार साखर जाळून भागवला जातो. तो वेग कमी असतो, आणि वारंवार तसे करावे लागले की मांड्या जड होऊ लागतात.

रिकामा झालेला साठा विश्रांतीत भरतो. निम्मा भरायला साधारण अर्धे मिनिट लागते, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे. सामन्यात तेवढी मिनिटे मिळत नाहीत, म्हणून चढाईपटू जवळजवळ प्रत्येक वेळी अर्ध्या-पाऊण भरलेल्या साठ्यावर पुन्हा आत जातो. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. साठा वापरला जातो प्राणवायूशिवाय, पण भरला जातो प्राणवायूवर. ज्याचे हृदय आणि स्नायू प्राणवायू चांगला वापरतात, त्याचा साठा लवकर भरतो. म्हणून चार सेकंदांच्या खेळातही दमसासाचा पाया लागतो, आणि म्हणूनच नुसत्या वेगाच्या सरावाने शेवटची पाच मिनिटे सावरत नाहीत.

दम घुमवण्याचा परिणाम यावर होतो. चढाईभर गडी श्वास सोडतच असतो, आत घेत नाही. परत येतो तेव्हा छाती रिकामी असते आणि श्वासाची भूक तीव्र असते. मैदानाला फेऱ्या मारताना किंवा दोरीच्या उड्या मारताना ही स्थिती कधीच येत नाही. ज्या सरावात दम घुमवला जात नाही, त्यातून चढाईची अर्धीच तयारी होते.

आधी मोजणी

त्या मुलाला मी आधी मोजले. अंतिम रेषा ते मध्यरेषा हे अंतर 6.5 मीटर आहे. अंतिम रेषेवरून निघायचे, मध्यरेषेला पाय लावून परत यायचे आणि हेच पुन्हा एकदा. एकूण 26 मीटर आणि मधे तीन वळणे. घड्याळाच्या दर 30व्या सेकंदाला नवी फेरी सुरू करायची, अशा सहा फेऱ्या. फेरी संपल्यावर उरतात ती बाविसेक सेकंदे विश्रांतीची.

त्याच्या वेळा अशा आल्या : 7.3, 7.4, 7.6, 7.9, 8.2 आणि 8.5 सेकंद. बेरीज 46.9. सगळ्या फेऱ्या सर्वोत्तम वेळेत झाल्या असत्या तर बेरीज 43.8 आली असती. जादा लागले 3.1 सेकंद, म्हणजे सुमारे 7 टक्के. पहिली फेरी चांगली होती. पुढच्या प्रत्येक फेरीत मात्र गळती वाढत गेली. हा मुलगा आळशी नव्हता. रोज पहाटे पाच किलोमीटर पळत होता, जोर-बैठका काढत होता आणि संध्याकाळी मैदानात उतरत होता. त्याची मेहनत कमी पडत नव्हती. ती चुकीच्या ठिकाणी खर्च होत होती.

या चाचणीत एक पळवाट आहे. हुशार गडी पहिल्या फेरीत हात राखून पळतो आणि सहाही वेळा सारख्या दाखवतो. म्हणून दहा मिनिटे आधी एक फेरी पूर्ण जोराने सुटी घ्यावी. चाचणीची पहिली फेरी तिच्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हळू आली, तर चाचणी रद्द करून विश्रांतीनंतर पुन्हा घ्यावी. मोबाइलवरच्या हाताने दाबायच्या घड्याळात एक-दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते, त्यामुळे 0.1च्या फरकाला प्रगती म्हणू नये. मातीवरची वेळ मॅटवरच्या वेळेशीही ताडून बघू नये. पकड वेगळी, वळण वेगळे.

तीन सराव

पहिला सराव स्फोटाचा. तो अंग गरम झाल्यावर लगेच, पाय ताजे असताना घ्यायचा. चढाईपटू निदानरेषेवर उभा राहतो, तोंड बचावाकडे. समोर एक गडी असतो. तो हात किंवा खांदा हलवेल त्या क्षणी चढाईपटूने वळून मध्यरेषा गाठायची. शिट्टी वापरायची नाही. सामन्यात निघायची वेळ शिट्टी सांगत नाही, समोरच्याची हालचाल सांगते. अशा सहा झेपा. त्यानंतर सहा झेपा अडवणुकीसह : जोडीदार मागून कमरेभोवती पंचा किंवा जाड टॉवेल टाकून धरतो, चढाईपटू तीन सेकंद पूर्ण ताकदीने मध्यरेषेकडे रेटतो, मग जोडीदार एक टोक सोडतो आणि गडी उरलेले अंतर झेपेत कापतो. पकडीतून सुटल्यावर शरीराला जो झटका बसतो, त्याचीच ही सवय.

दोन झेपांमधे 60 सेकंद, अडवणुकीच्या वेळी 90 सेकंद पूर्ण विश्रांती. मुलांना इथे कंटाळा येतो. घाम येत नाही, धाप लागत नाही, त्यामुळे सराव झालाच नाही असे त्यांना वाटते. पण या सरावात जोर वाढवायचा आहे, आणि जोर भरलेल्या साठ्यावरच वाढतो. विश्रांती पंधरा सेकंदांवर आणली की दुसऱ्या-तिसऱ्या झेपेपासून गडी हळू हलण्याचाच सराव करू लागतो.

दुसरा सराव चढाईच्या फेऱ्यांचा. या प्रकरणाचा गाभा हाच. एक फेरी 20 सेकंदांची. मध्यरेषा ओलांडताना दम सुरू. निदानरेषेपर्यंत जायचे, मग एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे चवड्यांवर सरकत राहायचे, पाय एकमेकांना न ओलांडता. पंधराव्या सेकंदाच्या आसपास प्रशिक्षक हाताने कोपरा दाखवतो. त्या कोपऱ्याकडे मुसंडी, बोनस रेषेला पाय, वळण आणि मध्यरेषेपर्यंत पूर्ण जोर. सगळे एका दमात, मोठ्या आणि स्पष्ट आवाजात.

पहिले दोन आठवडे दोन फेऱ्यांमधे 60 सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्यांचा एक संच. दोन संच, मधे चार मिनिटे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विश्रांती 45 सेकंदांवर आणायची. पाचव्या-सहाव्या आठवड्यात 30 सेकंदांवर, आणि ती 30 सेकंदे गड्याने आपल्या कोपऱ्यात बचावाच्या पवित्र्यात काढायची, जशी ती सामन्यात काढावी लागतात. विश्रांती कमी करताना फेऱ्यांची संख्या वाढवायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय लागू पडले आणि काय जड गेले ते कळते.

या फेऱ्यांत थांबायचे कधी, ते आधीच ठरलेले असावे. शेवटच्या झेपेला पहिल्या फेरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेळ लागला, किंवा सलग दोन फेऱ्यांत दम तुटला, की तो संच तिथेच संपला. दमाचा आवाज इथे घड्याळाइतकाच उपयोगी पडतो. ताजा गडी संथ, सारख्या लयीत बोलतो. थकू लागला की आधी उच्चाराचा वेग वाढतो, मग शेवटचे अक्षर गिळले जाते, आणि नंतर दोन उच्चारांच्या फटीतून चोरून श्वास घेतला जातो. चोरलेला श्वास पंचाच्या आधी प्रशिक्षकाच्या कानाला कळला पाहिजे.

तिसरा सराव पायाचा. त्या मुलाच्या पहाटेच्या पाच किलोमीटरच्या जागी आम्ही तो आणला. आधी त्याला पाच मिनिटे जमेल तितके लांब पळायला लावले. अंतर भरले 1300 मीटर. म्हणजे सेकंदाला साधारण 4.3 मीटर, आणि 15 सेकंदांत 65. त्यात सात-आठ टक्के मिळवले आणि मैदानाबाहेर 70 मीटरवर खूण केली. 15 सेकंदांत ती खूण गाठायची, 15 सेकंद जागच्या जागी चालायचे, पुन्हा उलट पळायचे. अशा बारा धावा, म्हणजे सहा मिनिटे. तीन मिनिटे विश्रांती आणि पुन्हा सहा मिनिटे. एकूण पंधरा मिनिटांत हृदयावर संथ पळण्यापेक्षा जास्त भार येतो. संथ लांब पळणे वाईट नाही. हंगाम संपल्यावर पाया बांधायला ते चालते. पण हंगामात रोज पहाटे ते केले, तर संध्याकाळच्या स्फोटाच्या सरावाला पाय जड होऊनच येतात.

आठवडा आम्ही असा लावला : सोमवारी स्फोट, मंगळवारी 15 सेकंदांच्या धावा आणि कौशल्ये, बुधवारी हलके डावपेच, गुरुवारी चढाईच्या फेऱ्या, शुक्रवारी हलके, शनिवारी सराव सामना, रविवारी सुट्टी. शनिवारचा सामनाही चढाईच्या फेऱ्यांसारखाच भार देतो, म्हणून तसा वेगळा दिवस आठवड्यातून एकच ठेवला.

मधली तीस सेकंदे

सरावाने साठा भरण्याचा वेग वाढतो, पण मधल्या सेकंदांत गडी काय करतो यावरही बरेच अवलंबून असते. पुष्कळ चढाईपटू परत आल्यावर उड्या मारत राहतात. पाय गरम राहावेत म्हणून, किंवा समोरच्याला थकवा दिसू नये म्हणून. एवढ्या थोड्या विश्रांतीत हे महागात पडते. जो प्राणवायू साठा भरायला लागणार, तोच उड्या मारण्यात खर्च होतो. मध्यरेषा ओलांडली की चालत जागेवर जावे आणि जितके स्थिर राहता येईल तितके राहावे.

श्वासाचेही असेच. दम संपताच गडी वरवरचे भराभर श्वास घेतात. त्याऐवजी पहिला श्वास पोटापर्यंत खोल घ्यावा आणि पुढचे तीन-चार श्वास मुद्दाम लांब सोडावेत. गुडघ्यांवर हात टेकून वाकणे हे हार मानल्याचे लक्षण समजून प्रशिक्षक ओरडतात. महिला फुटबॉलपटूंच्या एका छोट्या अभ्यासात मात्र डोक्यावर हात ठेवून ताठ उभे राहण्यापेक्षा या स्थितीत हृदयाचे ठोके लवकर खाली आलेले दिसले. कबड्डीत बचावाचा पवित्रा मुळातच वाकलेला असतो. प्रतिस्पर्धी चढाईपटू दुसऱ्या कोपऱ्यात असेल तेव्हा दोन-तीन सेकंद हात मांडीवर टेकवून एक लांब श्वास सोडता येतो. मात्र नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही.

गडी बाद होऊन बाहेर बसला तर प्रश्न उलटा होतो. साठा पूर्ण भरतो, पण पाय थंड पडतात. पाच-सहा मिनिटे बसून उठलेल्या गड्याने लगेच पूर्ण जोराची चढाई केली, तर मांडीच्या मागचा स्नायू दुखावण्याची भीती असते. आत आल्यावर पहिली चढाई जोडीदाराला द्यावी आणि बचावात सरकत पाय पुन्हा गरम करून घ्यावेत. संघात तशी बोली आधीच ठरलेली असावी.

बिघडते कुठे

सगळ्यात जास्त बिघाड उत्साहातून होतो. चढाईच्या फेऱ्या लागू पडतात हे दिसले की मुले त्या रोज करू लागतात. दहाएक दिवस वेळा सुधारतात, मग पहिल्याच फेरीची वेळ वाढू लागते. ही खूण महत्त्वाची आहे. सहावी फेरी हळू असेल तर दमसास कमी आहे. पहिलीच फेरी हळू असेल तर थकवा उतरलेला नाही, आणि त्याला सरावाचा नव्हे, सुट्टीचा उपाय आहे. नडगीत किंवा घोट्याच्या मागच्या शिरेत सकाळी उठल्यावर दुखत असेल, तर वळणाचे सराव थांबवून सरळ धावा घ्याव्यात. मॅटवर बूट घट्ट पकडतात आणि वळणाचा झटका गुडघ्यावर जातो, म्हणून मातीवरून मॅटवर जाताना पहिले दोन आठवडे फेऱ्या निम्म्या ठेवाव्यात. सोळा वर्षांखालच्या मुलांनाही निम्म्याच पुरतात. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर सराव तिथेच बंद करून डॉक्टरांकडे जायचे, घड्याळ पुढे चालू ठेवायचे नाही.

सहा आठवड्यांनी त्या मुलाची चाचणी पुन्हा घेतली. वेळा आल्या 7.2, 7.3, 7.4, 7.5, 7.6 आणि 7.8. घट साडेतीन टक्क्यांच्या जरा वर, म्हणजे आधीच्या निम्मी. सर्वोत्तम वेळेतला 0.1चा फरक मी प्रगती धरत नाही. तो आधीपेक्षा वेगवान झाला असे म्हणता येणार नाही. सहाव्या फेरीत मात्र 8.5 सेकंदांच्या जागी 7.8 लागले, आणि 0.7 सेकंदात कोपरारक्षकाचा हात घोट्यापाशी येतो.

घड्याळ खिशात ठेवून मी मध्यरेषेपाशी गेलो. तिथे सहा फेऱ्यांच्या खुणा एकमेकींवर पडल्या होत्या, पण सगळ्यात वरची, शेवटची, वेगळी ओळखू येत होती. आडवा चवडा, खोल रुतलेला, पलीकडे मातीची बारीक कड. मी त्याला बोलावून ती दाखवली. त्याने खाली वाकून पाहिले, मग आपला पाय त्या खुणेत नीट ठेवून बघितला आणि म्हणाला, “सर, आता पाय आले.”